सूचना : परदेशी विद्यापीठाची फी पाठवताना बँकेला द्यायचे पत्र

सप्टेंबरच्या प्रवेशवाल्यांनो, या आठवड्यात आपल्यातल्या दोघांची पत्रं बँकेतून परत आली. कारण एकच: पत्रातली रक्कम आणि इन्व्हॉइसमधली रक्कम जुळत नव्हती.

समजा इन्व्हॉइस १४,५०० पौंडांचं आहे आणि २,००० डिपॉझिट आधीच भरलंय. मग पत्रात नुसते १२,५०० लिहू नका. "एकूण १४,५००, पैकी २,००० भरले, पावती सोबत, बाकी १२,५०० पाठवायचे" असं सरळ लिहा. काउंटरवरचा माणूस बोट ठेवून आकडे जुळवतो, त्याला वजाबाकी करायला लावू नका.

पैसे बाबांच्या किंवा आईच्या खात्यातून जात असतील तर पत्रावर आणि ए-टू फॉर्मवर, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या बँकेच्या अर्जावर, खातेदाराचीच सही लागते. तुमचं नातं पत्रात लिहा. नाव प्रवेशपत्रावर, इन्व्हॉइसवर आणि पासपोर्टवर एकसारखं हवं. परदेशी शिक्षणासाठी जाणाऱ्यांच्या फीचा पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी जातायत ते सांगणारा कोड, S0305.

विद्यार्थी क्रमांक रेफरन्समध्ये टाकायला सांगा, नाहीतर पैसे पोचूनही विद्यापीठाला ते कुणाचे ते कळत नाही. बँकेच्या शुल्कासाठी 'OUR' निवडा, म्हणजे सगळं शुल्क पाठवणारा भरतो. नाहीतर मधली बँक आपलं शुल्क कापते आणि फी थोडी कमी भरल्याचं दिसतं.