भावा, कोकम सरबताच्या शीटबद्दल

प्रिय मित्रा,

ग्रुपवर सगळ्यांसमोर बोलणं बरं नाही वाटलं म्हणून वेगळं लिहितोय. आपल्या कोकम सरबताच्या प्रोजेक्टसाठी स्पर्धकांच्या किमतींची शीट तू आधी रविवारी देणार होतास, मग बुधवारी म्हणालास, आज शुक्रवार आहे आणि शीटमध्ये तीनच ओळी आहेत. बुधवारी फोन केला तर उचललास नाही, नंतर मेसेजही नाही, आणि खरं सांगू का, मला उशिरापेक्षा ते जास्त लागलं.

तुला वाटत असेल एक टेबलच तर राहिलंय, पण बाकीचं सगळं त्यावरच अडकलंय रे. आपण बाटलीची एमआरपी 100 रुपये धरलीय ना, त्यातले 20 दुकानदाराचे, 5 डिस्ट्रिब्युटरचे, उरले 75, त्यातून बनवायचा खर्च 50 गेला की हातात 25. फिक्स्ड खर्च 60,000 धरला तर ब्रेक-इव्हनला 2400 बाटल्या विकाव्या लागतात. आता बाजारात तेवढीच बाटली 90 ला मिळते असं तुझ्या शीटमधून निघालं आणि आपल्यालाही 90 ला यावं लागलं, तर त्याच टक्केवारीने हातात येणार साडेसतरा, म्हणजे साधारण 3430 बाटल्या! हजारभर बाटल्यांचा फरक, मग सेल्स टार्गेट, जाहिरातीचं बजेट, सगळं परत करायचं. म्हणून प्राइसिंगवाली दोघं हातावर हात ठेवून बसलीयत, पोझिशनिंगचा मॅपही अर्धाच आहे.

अजून एक, त्या तीन ओळींतले भाव ऑनलाइन डिस्काउंटचे दिसतायत, ते आज एक असतात उद्या दुसरे, त्यावर आपली किंमत कशी ठरवणार? दुकानात जाऊन बाटलीवरची एमआरपी आणि मिली दोन्ही लिही, शक्यतो लेबलचा फोटो काढ, आणि प्रत्येकाचा भाव 100 मिलीला किती पडतो ते काढ, कारण कोणाची बाटली 500 ची, कोणाची 700 ची, नुसती एमआरपी बघून स्वस्त-महाग कळतच नाही. दोन किराणा दुकानं आणि एक सुपरमार्केट बास, एका संध्याकाळचं काम आहे.

घरी काही चाललं असेल, किंवा दुसऱ्या सबमिशनचं ओझं असेल, तर सरळ सांग. दुकानं मी फिरतो, तू सर्व्हेच्या उत्तरांचे चार्ट घे, ते घरी बसून होतात. पण काय करणार ते आज रात्री कळव. शीट घेतलीस तर रविवारी रात्री 9 पर्यंत ड्राइव्हवर पूर्ण हवी, कारण सोमवारी प्राइसिंग लिहून मंगळवारी सरांना ड्राफ्ट द्यायचाय. रविवारीही नाही आली तर ते काम आम्ही करू आणि पीअर इव्हॅल्युएशनच्या फॉर्मवर ज्याने केलं त्याचंच नाव जाईल, त्यात मी मैत्री आणणार नाही. बाकी चौघांचेही मार्क आहेत यार.

रागावून लिहिलेलं नाही हे. फोन कर, रात्री 11 पर्यंत मी जागा आहे.

तुझाच