वसतिगृहातील पहिल्या रात्रीसाठी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

त्या रात्री तुम्ही माझ्यासाठी काय केलेत, हे तुमच्या लक्षातही नसेल, म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

वडील मला सोडून परत गेले, तेव्हा मी हसून हात हलवला. रात्री आईचा फोन आला, त्या वेळी खोली छान आहे, मैत्रिणीही झाल्या आहेत, असे मी नेहमीपेक्षा मोठ्या आणि भरभर आवाजात सांगत राहिले. खरे तर तोवर मी कोणाशी धड बोललेही नव्हते. शेजारच्या पलंगावरून तुम्ही ते सारे ऐकत होतात. फोन ठेवल्यावर मी पुस्तक उघडून भिंतीकडे तोंड करून बसले आणि बराच वेळ पान उलटलेच नाही, हेही तुम्ही पाहिले असणार.

“घरची आठवण येते का?” असे तुम्ही विचारले नाहीत, याचे मोल मला फार वाटते. खोलीत इतर मुली होत्या; त्या एका प्रश्नाने माझा सारा धीर सुटला असता आणि सर्वांसमोर रडल्याची लाज मला पुढे कित्येक दिवस पुरली असती. तुम्ही फक्त कपाटाचा एक कप्पा रिकामा केलात आणि म्हणालात, “उद्याचे कपडे तरी आत्ताच लावून ठेव. बंद बॅग समोर दिसत राहिली, की मन परत निघायच्याच तयारीत राहतं.” कपडे लावताना हातांना काम मिळाले आणि घशात दाटलेला आवंढा थोडा सैल झाला.

मी पुन्हा फोन हातात घेतला, तेव्हा तुम्ही हलक्या आवाजात सांगितलेत, “आता नको. झोपायच्या वेळी आईचा आवाज ऐकलास, तर फोन ठेवल्यावर आणखी जड जाईल. उद्या वर्ग सुटल्यावर कर, तेव्हा सांगायलाही काहीतरी असेल. पहिल्या रात्री मीही घरी असंच छान छान सांगितलं होतं.”

दिवे मालवल्यावर मला रडू आलेच. ते तुमच्या कोणत्याही उपायाने थांबणारे नव्हते. परंतु आता ते लपवण्याची धडपड उरली नव्हती, आणि मला वाटते की त्यामुळेच मला झोप लागू शकली. तुम्ही मात्र पाठ माझ्याकडे करून टेबलावरचा दिवा उशिरापर्यंत चालू ठेवलात. अभ्यासासाठी की माझ्यासाठी, हे मी कधी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी आईला मी रात्रीचे सगळे खरे सांगितले. तिला ते माझ्या आवाजावरून आधीच कळले होते आणि तीही रात्रभर जागीच होती. तुमच्याविषयी ऐकल्यावर मात्र तिचा जीव भांड्यात पडला. तिनेही तुमचे मनापासून आभार मानले आहेत.

आपली,
शेजारच्या पलंगावरची मुलगी