आणीबाणीतही न गोठणारे हक्क

महोदय,

परवा म्हापशाच्या बाजारात पावाची वाट बघताना कोणीतरी ठासून म्हणाला, ‘आणीबाणी लागली की सगळे हक्क बंद!’ निम्मे खरे आहे, म्हणून हे पत्र.

नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत 1979 साली सामील झाला. त्याच्या कलम 4 नुसार राष्ट्राच्या अस्तित्वालाच धोका असेल आणि आणीबाणी अधिकृतपणे जाहीर झाली असेल, तर सरकार काही हक्क तात्पुरते बाजूला ठेवू शकते. पण गरजेपुरतेच, आणि इतर सदस्य देशांना संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांमार्फत कळवून. जगण्याचा हक्क, छळापासून व गुलामीपासून संरक्षण, विचार व धर्माचे स्वातंत्र्य मात्र तेव्हाही स्थगित होत नाही. उसने फेडता आले नाही एवढ्यासाठी तुरुंगात टाकणेही वर्ज्यच.

आपल्याकडे 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ठरवले की आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी कोर्टात जाता येणार नाही. विरोधात एकटे न्यायमूर्ती खन्ना. पुढे 44 व्या घटनादुरुस्तीने गुन्ह्यांच्या शिक्षेबाबत संरक्षण देणारे कलम 20 आणि जगण्याचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देणारे कलम 21 स्थगितीच्या बाहेर काढले.

गंमत अशी की, आपल्या घटनेत व्यक्तिस्वातंत्र्य त्यामुळे सुरक्षित आहे, पण कराराच्या यादीत ते नाही. उलट धर्मस्वातंत्र्य कराराच्या यादीत आहे, पण आपले कलम 25 मात्र अजूनही स्थगितीच्या कक्षेत येऊ शकते.

— एक वाचक, म्हापसा