०.४२ म्हणजे ४२ टक्के लोक नव्हेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवाच्या पुरवणीतला फोन आणि झोपेवरचा लेख वाचला. काल दिवसभर विचार केला की पत्र लिहू नये, या वयात रक्तदाब सांभाळावा. पण मथळा डोळ्यांपुढून हलेना. 'फोनमुळे ४२ टक्के लोकांची झोप उडाली' असा मथळा, आणि आत तिसऱ्या परिच्छेदात त्याचा उगम: फोनवरची मिनिटे आणि झोपेची प्रत यांतला सहसंबंध गुणांक, म्हणजे दोन मोजमापे कितपत जोडीने हलतात ते सांगणारा आकडा, उणे ०.४२. या दोन वाक्यांमधली उडी नेमकी कोणी मारली, लेखकाने की मथळा देणाऱ्याने, एवढेच कळले असते तर निम्मा राग शांत झाला असता.

गुणांक म्हणजे टक्केवारी नव्हे. ०.४२ चा वर्ग करा, ०.१८ येईल. त्याचा अर्थ एवढाच की एका गोष्टीतल्या चढउताराचा सुमारे अठरा टक्के भाग दुसरीशी सरळ रेषेत जोडता येतो. हे अठरा टक्केसुद्धा चढउताराचे आहेत, माणसांचे नाहीत. झोप किती जणांची उडाली, हे त्या आकड्यातून कोणालाही, कुठल्याही रीतीने काढता येणार नाही. फोनमुळे झोप उडते की झोप येत नाही म्हणून माणूस फोन हातात घेतो, हा प्रश्न तर त्याच्याही अलीकडचा. असो.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. हा ०.४२ कोणता, हे लेखात कुठेच नाही. गुणांक काढायच्या रीती एकाहून जास्त आहेत; हा पिअर्सनच्या रीतीचा की स्पिअरमनच्या? तुमच्या लेखकाला हा फरक बारीकसारीक वाटला असावा. मलाही एके काळी वाटला होता, आणि त्यापायी मी एका खोट्या अहवालावर सही केली आहे.

मी तेव्हा एका सर्वेक्षण विभागात होतो. मोठ्या पाहणीआधी दहा घरांची चाचणी घेतली. घरात पुस्तके किती, आणि मुलाला वाचनाच्या परीक्षेत पन्नासपैकी गुण किती. पुस्तके चढत्या क्रमाने लावली: २, ४, ५, ६, ८, १०, १२, १५, १८ आणि शेवटचे घर ३२०. त्याच क्रमाने गुण: २४, ३०, २१, २८, २०, २९, २३, २७, २५ आणि शेवटच्या घरातल्या मुलाला ४३. मी पिअर्सनचा गुणांक काढला, ०.८६ आला. दहाच घरे असूनही 'सार्थक' ठरावा, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडता येऊ नये, इतका मोठा. 'घरातली पुस्तके आणि वाचन यांचा अतिशय घट्ट संबंध' असे लिहून मोकळा झालो. साहेब खूश, मीही खूश.

आठवड्याने विभागातल्या एका नवशिक्या मुलीने आलेखाच्या कागदावर ते दहा ठिपके काढून माझ्या टेबलावर ठेवले. बोलली काहीच नाही. नऊ ठिपके डाव्या कडेला मुंग्यांसारखे दाटलेले, आणि दहावा पार उजवीकडे, वर, एकटा. मी ते शेवटचे घर झाकून पुन्हा गणित केले. ०.०३. म्हणजे नऊ घरांत पुस्तकांचा आणि गुणांचा काडीचाही संबंध नव्हता, आणि अहवालातला 'अतिशय घट्ट संबंध' एका घराचा होता.

असे का होते, हे गणिताच्या पोटात शिरले की दिसते. पिअर्सनच्या रीतीत प्रत्येक घर दोन्ही सरासऱ्यांपासून किती दूर आहे ते पाहतात, ती दोन अंतरे एकमेकांशी गुणतात आणि सगळे गुणाकार मिळवतात. पुस्तकांची सरासरी ४०, गुणांची २७. शेवटच्या घराचे अंतर एकीकडे २८०, दुसरीकडे १६, गुणाकार ४४८०. उरलेल्या नऊ घरांची गुणाकारांची बेरीज अवघी ५०२. दहा घरांच्या सभेत एका घराला नव्वद टक्के मते! त्यात ही सरासरी ४० कुणाची? नऊ घरांपैकी एकाकडेही वीस पुस्तके नाहीत. त्या एका घराने सरासरी स्वतःकडे ओढली आणि बाकी सगळ्यांना 'सरासरीहून कमी' करून टाकले. पुस्तके, उत्पन्न, रुग्णालयातले मुक्कामाचे दिवस, फोनवरची मिनिटे, ही मोजमापे अशीच एका बाजूला लांब शेपूट सोडतात.

स्पिअरमनची रीत १९०४ सालची. तो मानसशास्त्रज्ञ होता. त्याच्या रीतीत आकडे बाजूला ठेवून फक्त नंबर लावायचे. पुस्तकांत पहिला ते दहावा, गुणांत पहिला ते दहावा, आणि प्रत्येक घराच्या दोन नंबरांतला फरक काढायचा. माझ्या दहा घरांत त्या फरकांच्या वर्गांची बेरीज १२४ येते. तिची सहापट ७४४, भागिले ९९० (दहा गुणिले नव्याण्णव), आणि तो भागाकार एकातून वजा. उत्तर ०.२५. दहा घरांत हा आकडा शून्यापासून वेगळा म्हणण्यालायकही नाही. त्यासाठी साधारण ०.६५ च्या पुढे जावे लागते. ३२० पुस्तकांच्या घराला इथेही दहावा नंबर मिळतोच, पण दहाव्याला दहाव्याइतकेच वजन, तीनशेवीसाव्याचे नाही.

यापुढची गोष्ट सांगायला अजूनही लाज वाटते. मूळ फॉर्म काढून पाहिला तर तिथे ३२ लिहिले होते. कुणीतरी तपासल्याची खूण म्हणून शेजारी गोल काढला होता, तो मी शून्य म्हणून वाचला. ३२ घालून पिअर्सन केला तर ०.८६ चा ०.७२ झाला. स्पिअरमन मात्र ०.२५ होता तो ०.२५ च राहिला, कारण ३२ असो की ३२०, ते घर पहिल्यापासून सगळ्यांत वरचेच होते. माझ्या एका शून्याने एक गुणांक हलला, दुसऱ्याने मानही वळवली नाही.

याचा अर्थ पिअर्सन वाईट आणि स्पिअरमन साधू, असा कुणी काढू नये. (तुमच्या पुरवणीत पुढच्या आठवड्यात असा मथळा येईल, अशी भीती वाटते.) ठिपके एका तिरक्या पट्ट्यात नीट पसरलेले असतील, तर किती वाढीला किती वाढ हे पिअर्सनच्या गणितातूनच मिळते, नंबर लावले की ते कायमचे पुसले जाते. संबंध चढताच पण वाकडा असेल, म्हणजे सुरुवातीला झपाट्याने आणि नंतर हळूहळू वाढणारा, तर स्पिअरमन पूर्ण १ दाखवतो आणि पिअर्सन त्याहून कमी. आणि संबंध आधी उतरून मग तितकाच चढणारा असेल, तर दोघेही शून्याजवळ घुटमळतात. म्हणून आधी ठिपके काढायचे. तुमच्या लेखात ठिपक्यांच्या जागी उशीत तोंड खुपसलेल्या माणसाचा अर्ध्या पानाचा फोटो होता.

आता झोपेची प्रत. 'फार वाईट' ला १ आणि 'फार छान' ला ५, असे लेखात म्हटले आहे. हे आकडे नव्हेत, पायऱ्यांची नावे आहेत. 'फार वाईट' आणि 'वाईट' यांतले अंतर 'बरी' आणि 'छान' यांतल्या अंतराएवढेच आहे, हे कुणी मोजले? पिअर्सन ते गृहीत धरतो. उद्या 'फार छान' ला ५ ऐवजी ८ दिले, तर त्याचे उत्तर बदलेल, आणि माणसांची झोप तर होती तशीच आहे. नंबरांवर चालणाऱ्या रीतीला या बदलाने फरक पडत नाही. म्हणजे एकीकडे लांब शेपटीची मिनिटे, दुसरीकडे पायऱ्या. दोन्ही बाजूंनी पिअर्सन न वापरण्याची कारणे होती, आणि वापरला असेल तर निदान तसे छापायला हवे होते.

नंबरांच्या रीतीतही इथे एक खोच आहे. शेकडो माणसे आणि पायऱ्या पाच, म्हणजे एकेका पायरीवर गर्दी. अकरावा ते तिसावा अशी वीस माणसे एकाच पायरीवर असतील, तर प्रत्येकाला मधला नंबर, साडेवीस, द्यायचा. मग मी वर वापरलेले सहापटीचे सूत्र चालत नाही. बरोबरीचे नंबर भरपूर असले की ते चुकीचे उत्तर देते. तेव्हा नंबर लावून झाल्यावर त्या नंबरांवरच पिअर्सनची रीत चालवायची, स्पिअरमनचा खरा गुणांक तोच. नाहीतर केंडॉलचा टाउ, हा नंबरांवरच चालणारा तिसरा गुणांक, घ्यायचा, बरोबरीची दुरुस्ती असलेला.

पण टाउ घेतला तर वाचकाला तसे सांगायला हवे, कारण एकाच माहितीवर तो बहुधा लहान दिसतो. दोन्ही मोजमापे घंटेच्या आकाराची, नीट वागणारी असली आणि पिअर्सन ०.५० असला, तर स्पिअरमन ०.४८ च्या आसपास येतो आणि टाउ ०.३३. संबंध तोच, फक्त फूटपट्टी वेगळी. ०.३ च्या खाली 'क्षीण', ०.७ च्या वर 'घट्ट' असा जो तक्ता सगळे पाठ म्हणतात, तो या तिघांना एकाच मापाने मोजतो. तो तक्ताही कुणी निसर्गातून आणलेला नाही. त्याच त्या लांब्या दोन पट्ट्यांनी मोजताना ०.९० आले, तर पट्टी फेकून द्यावी. माणसाच्या झोपेसारख्या शंभर कारणांनी बिघडणाऱ्या गोष्टीत ०.४२ आले, तर मी खुर्चीत सरसावून बसेन. तुमच्या लेखकाने तोच आकडा एका जागी 'मध्यम' आणि शेवटी 'धक्कादायक' म्हटला आहे. दोन्हींपैकी एक तरी खरे असेलच, असा विचार असावा.

जाता जाता एक. गेल्या वर्षी याच विषयावरचे माझे एक छोटे पत्र आपण छापले होते, त्याबद्दल आभार. त्यातल्या ०.२५ मधले शून्य आणि दशांशचिन्ह दोन्ही छपाईत गळाले आणि सहसंबंध गुणांक २५ झाला. गुणांक उणे एक ते अधिक एक याबाहेर जात नाही, हे ठाऊक असलेल्या तीन जुन्या सहकाऱ्यांनी मला फोन करून प्रकृतीची चौकशी केली. शुद्धिपत्र मागितले होते, ते अजून आलेले नाही. हे पत्र छापणार असाल तर वरचे सगळे दशांश एकदा मोजून घ्यावेत.

आपला,
एक निवृत्त सर्वेक्षण अधिकारी