क्रीडादिन : स्पर्धांचा क्रम आणि रिलेचा सराव

सर्व खेळाडू विद्यार्थ्यांसाठी सूचना.

शनिवारी सकाळी 7.30 ला 100 मीटरच्या प्राथमिक फेऱ्या सुरू होतील. त्यानंतर लांब उडी व गोळाफेक, मग 100 मीटरची अंतिम फेरी आणि शेवटी 4×100 मीटर रिले. धावणाऱ्यांना मध्ये विश्रांती मिळावी म्हणून हा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. तो बदलणार नाही.

सोमवार ते गुरुवार सकाळी 6.30 ते 7.30 सराव. शुक्रवारी पूर्ण विश्रांती.

रिलेच्या चौघांनी रोज एकत्रच यावे. शर्यत बहुतेक वेळा बॅटन देतानाच हातची जाते. बॅटन घेणाऱ्याने आपल्या उभ्या जागेपासून मागे 20 पावले (टाचेला चवडा लावून) मोजून चुन्याची खूण करावी. येणारा खूण ओलांडताच मागे न बघता जोरात सुटावे, हाक आल्यावरच हात मागे करावा. येणारा अंगावर आदळत असेल तर तुम्ही उशिरा सुटताय, खूण दोन पावले लांब न्या. बॅटन पोहोचतच नसेल तर दोन पावले जवळ आणा. गुरुवारी खूण पक्की करून आकडा लिहून ठेवा.

बॅटन 30 मीटरच्या पट्ट्यातच हातात पडले पाहिजे, नाहीतर संघ बाद. पडले तर ज्याच्या हातून पडले त्यानेच उचलायचे. अदलाबदल झाल्यावर लगेच आडवे बाहेर पडू नका, बाजूच्या लेनमधला धावपटू अडतो.

– क्रीडाशिक्षक