तीस वर्षांच्या मला, लातूरला निघण्याआधी

प्रिय मी,

पत्राच्या मायन्यातच अडचण झाली. वयाने तू माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा आहेस, म्हणजे नियमाने 'तीर्थरूप' लिहायला हवे. पण स्वतःलाच साष्टांग नमस्कार घालणे काही बरे दिसेना. शिवाय तुझी काळजी मला वाटते आहे, माझी तुला नव्हे, म्हणून 'तू'च म्हणतो.

सोमवारी सकाळच्या गाडीने मी लातूरला निघालो आहे. अकरावी आणि बारावी तिथेच. आईने ट्रंक भरली आहे, आज्जीने काकवीची बरणी त्यात खुपसली आहे, आणि थोरली कालपासून माझ्याशी धड बोललेली नाही. गुऱ्हाळ तू चालू ठेवलेस की नाही, हे या पत्रात विचारायचे नाही असे मी ठरवले आहे. तो प्रश्न तात्या रोज रात्री जेवताना न विचारता विचारतात, तेवढा पुरे. मला फक्त काही गोष्टी तशाच राहाव्यात असे वाटते, त्या लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट म्हणजे तुझ्या बोटांना पाकाची गोळी कळावी. ते तू विसरला असशील, ही धास्ती मला सारखी वाटते, म्हणून या फेब्रुवारीत काय झाले ते सविस्तर सांगतो. आपल्या खालच्या रानातला ऊस तोडून झाला आणि ट्रॅक्टर ओढ्याच्या चिखलात रुतला. तोडलेला ऊस दोन दिवस बांधावर वाळत पडला. तोडीनंतर ऊस पडून राहिला की आतली साखर फुटू लागते, रस आंबटाकडे झुकतो, आणि अशा रसाचा गूळ नीट बसत नाही, चिकट राहतो. सदूमामांनी घाण्याखालचा रस बोटाने चाखला आणि काही न बोलता चुन्याची निवळी नेहमीपेक्षा जास्त घातली. चुना जास्त झाला की गूळ काळपट होतो हे त्यांना माहीत होते. पण कमी घातला असता तर रवाच बसला नसता. दोन नुकसानांपैकी त्यांनी एक पत्करले.

रस तापू लागल्यावर त्यांनी रानभेंडीचे चिकट पाणी घातले. ठेचलेली खोडे रात्रभर भिजत घालून ते पाणी काढण्याचे काम माझे असते. त्या पाण्याने रसातला गाळ धरून वर येतो आणि जाड मळी साचते. ती उकळी फुटण्याआधीच काढावी लागते, कारण एकदा उकळी फुटली की मळी पुन्हा रसात मिसळते आणि मग झारा कितीही फिरवला तरी उपयोग होत नाही. त्या दिवशी चिपाडही अर्धे ओले होते, त्यामुळे जाळ कधी धुमसत होता, कधी भडकत होता, आणि मळी काढताना मामांची त्रेधा उडाली.

अडीच तासांनी पाकाचा फेस खाली बसून मोठे, जड बुडबुडे येऊ लागले. एरवी या वेळी काहिल उतरवायची तयारी होते. मामांनी झाऱ्यावरून थोडा पाक थंड पाण्याच्या ताटलीत सोडला आणि ताटली माझ्यापुढे सरकवली. मी पाण्यात बोटे घालून गोळी वळली. ती वळली खरी, पण बोटांखाली दबत होती, आणि ताटलीच्या कडेवर आपटली तर आवाज न करता चिकटून बसली. तात्या म्हणाले, "उतरवा आता, करपेल." बाहेर पुढची काहिल भरायला माणसे खोळंबली होती. मी म्हणालो, "अजून नाही." मामांनी माझ्याकडे पाहिले, जाळ कमी करायला सांगितले, आणि पुढची गोळी ताटलीवर टण्णकन वाजली. मग काहिल उतरली, पाक वाफ्यात ओतला, घोटला, आणि तीस किलोंचे पाच रवे भरले.

आमचे विज्ञानाचे सर सांगतात की गुळासाठी पाक ११८ अंशांच्या आसपास न्यावा लागतो आणि काकवी १०५-१०६ वरच उतरवतात. ते खरे आहे, मी तापमापी लावून पाहिले आहे. पण रस बिघडलेला असला की आकडा गाठूनही गोळी मऊ राहते, हे तापमापी सांगत नाही. बोट सांगते. लातूरला मी आकडे शिकायला चाललो आहे आणि ते मला आवडतातही. भीती एवढीच की तू आकडा ठेवशील आणि बोट विसरशील.

ते पाच रवे काळपट झाले होते. सौद्यात व्यापाऱ्याने वरवर बघितले आणि भाव पाडला. चव घेतलीही नाही. येताना तात्या टेम्पोत म्हणाले, की पुढच्या वेळी चिमूटभर पावडर टाकू. ती पांढरी पावडर तुला ठाऊकच आहे, हायड्रॉस म्हणतात ती. तिने गूळ पिवळाधमक दिसतो, गंधकाचा अंश मात्र आत राहतो, आणि साठवणीत तो रंगही टिकत नाही, पुन्हा काळवंडतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याची बातमी आपल्या पडवीत चौकटीत लावलेली आहे, आणि भाव मात्र रंगालाच मिळतो! तू असे कधीही करू नकोस. कर्ज असले तरी करू नकोस, शेजारचा करतो म्हणून तर मुळीच करू नकोस, आणि कुणी म्हणाले की एवढ्याने काय होते, तर त्याला...

उपदेश झाला, माफ कर. तात्यांवर हप्ते होते आणि माझ्यावर नव्हते, तुझ्यावर कदाचित असतील. तरीही त्यांनी ती पावडर अजून आणलेली नाही, हेही तुला आठवावे म्हणून लिहितो.

गुऱ्हाळ चालू आहे का? विचारणार नव्हतो, पण विचारले. ऊस सरळ कारखान्याला घातला की भाव ठरलेला असतो आणि रात्र जागावी लागत नाही, हे मला कळते. आपल्या रस्त्यावरची दोन चुलवाणे माझ्यादेखत विझली. सदूमामांच्या मुलाला गुळव्या व्हायचे नाही, तो पुण्यात गाडी चालवतो, आणि मामांचे हात आता थरथरतात. चुलवाण विझले असेल तर मी तुला दोष देणार नाही. निदान थोडा तरी देईन, खोटे कशाला लिहू?

विझले असेलच, तर एवढे कर. दर हंगामात ज्याच्याकडे पेटते आहे त्याच्याकडे एक रात्र जा आणि ताटलीत हात घाल. रानभेंडीचे बी मी कोठीतल्या निळ्या डब्यात ठेवले आहे. जुने बी उगवत नाही, म्हणून थोरलीला दरवर्षी परड्यात दोन ओळी लावायला सांगितले आहे. ती रागात 'हो' म्हणाली आहे, तेव्हा लावेल. तिचे लग्न होऊन ती गेली असेल तर ते काम तुझे. आणि तात्यांना रात्री काहिलीच्या वाफेत उभे राहू देऊ नकोस, त्यांचा खोकला आत्ताच बरा नाही.

ट्रंकेला कुलूप लावायला आई हाका मारते आहे.

तुझाच,
मी