विषय: आपल्या माहितीपत्रकातील 'प्रति चौरस मीटर साहित्य' तक्त्यातील चूक आणि त्यामुळे कमी पडलेल्या विटा

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय/महोदया,

आपल्या माहितीपत्रकात लाल मातीची वीट, फ्लाय ॲश वीट आणि पोकळ काँक्रीट ब्लॉक यांची तुलना दिली आहे. एक चौरस मीटर भिंतीला मातीच्या विटा १००, फ्लाय ॲश विटा ५८ आणि ब्लॉक साडेबारा, असे त्यात छापले आहे. हा तक्ता पाहूनच मी फ्लाय ॲश विटा मागवल्या. भिंत ६ मीटर लांब, ३ मीटर उंच आणि २३० मिमी जाडीची आहे. दरवाजा वजा केल्यावर १५.९ चौरस मीटर उरतात, म्हणून ९२२ विटा मागवल्या. काम एकविसाव्या थरावर अडले. दरवाजाची चौकट तेव्हा भिंतीच्या वर डोके काढून उभी होती.

आपल्या प्रतिनिधींचे फोनवरचे उत्तर होते, "तुटफूट जास्त झाली असेल." तुटलेल्या आणि कापून वाया गेलेल्या विटा आम्ही बाजूला रचून ठेवल्या आहेत. त्या ४७ भरल्या, म्हणजे पाच टक्के. एवढी घट कोणताही गवंडी आधीच धरून चालतो. तेव्हा दोष तुटफुटीचा नाही, तक्त्याचा आहे.

५८ हा आकडा आला कसा, ते पाहा. आपल्या विटेचे माप २३० × ११० × ७५ मिमी. तिचा दर्शनी भाग ०.२३ × ०.०७५ मीटर. त्याला ५८ ने गुणले की बरोबर एक चौरस मीटर होतो. म्हणजे विटांनीच सगळी जागा व्यापली, सांध्याला तसूभरही उरली नाही. आणि त्याच ओळीत पुढच्या रकान्यात मसाला ०.०१७ घनमीटर दिला आहे! तो भरायचा कुठे? १० मिमीचा सांधा धरला की एका विटेमागे २४० × ८५ मिमी जागा लागते आणि चौरस मीटरला ४९ विटा पुरतात. ०.०१७ हा मसाला या ४९ विटांच्या भिंतीचा आहे. एकाच ओळीतले दोन आकडे दोन वेगळ्या हिशोबांतून उचलले आहेत, हे यावरून उघड होते.

पण खरे नुकसान केले ते जाडीने. ४९ काय किंवा ५८ काय, हे आकडे ११० मिमीच्या अर्ध्या विटेच्या भिंतीचे आहेत. मातीच्या विटेचे १०० मात्र १९० मिमीच्या पूर्ण विटेच्या भिंतीचे आहेत (१९० × ९० × ९० ची वीट), आणि ब्लॉकही १९० मिमीचाच. तक्त्यात जाडीचा रकानाच नाही, त्यामुळे फ्लाय ॲशला जवळजवळ निम्म्या विटा लागतात असा भास होतो. पूर्ण विटेची भिंत धरली तर फ्लाय ॲशला ९८ लागतात. मातीच्या १०० पुढे ही बचत नावापुरतीच. शिवाय भिंत ४० मिमीने जाड होते, ते वेगळेच.

बचत दाखवायचीच होती, तर ती ब्लॉकमध्ये होती. सांधे कमी म्हणून मसाला कमी. चौरस मीटरला फ्लाय ॲशच्या २३० मिमी भिंतीत साधारण ०.०४४ घनमीटर ओला मसाला जातो, मातीच्या १९० मिमी भिंतीत ०.०३६ (विटेवरचा खळगा भरला तर थोडा जास्त), तर ब्लॉकच्या भिंतीत ०.०१४. १:६ प्रमाणात आणि कोरड्या मालाला ३३ टक्के वाढ धरून सिमेंट अनुक्रमे सुमारे १२, १० आणि ४ किलो येते. मात्र सळई घालून ब्लॉकची पोकळी काँक्रीटने भरायची असेल, तर हे गणित पालटते. ३५ मिमी कडांच्या ब्लॉकची एकच पोकळी मीटरभर उंचीपर्यंत भरायला सुमारे ०.०१७ घनमीटर काँक्रीट लागते, म्हणजे चौरस मीटरभर भिंतीच्या मसाल्यापेक्षाही जास्त. कोपऱ्यांना आणि दरवाजाच्या कडांना अर्धे ब्लॉकही लागतात. याचा तक्त्यात उल्लेख नाही.

माझ्या भिंतीला ९८ प्रमाणे १५५८ विटा लागतात, पाच टक्के घट धरून १६३६. आपण ९२२ दिल्या. उरलेल्या ७१४ विटा त्याच साच्याच्या, त्याच मापाच्या द्याव्यात आणि वाहतूक खर्च आपण सोसावा. उंचीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडला तरी नव्या थरांचे सांधे जाड करून तो मारावा लागेल आणि मसाला वाढेल, म्हणून गाडीत भरण्याआधी दहा विटा एकावर एक रचून त्यांची उंची ७५० मिमी भरते का, ते पाहावे.

तक्त्यात भिंतीची जाडी, सांध्याची जाडी आणि घटीची टक्केवारी असे तीन रकाने घालून तो पुन्हा छापावा. तोपर्यंत सध्याचे माहितीपत्रक वाटणे थांबवावे. सोबत माहितीपत्रकाची प्रत, पावती आणि अडलेल्या भिंतीची छायाचित्रे जोडली आहेत. लेखी उत्तराची वाट पाहत आहे.

आपला,
एक ग्राहक